शशिकलेचं बाराचं रीडिंग

कारखान्याच्या टाउनशिपच्या सबस्टेशनात तीस वर्षांत किती ऑपरेटर आले आणि गेले, त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. पण जुन्या माणसांना आजही विचारा, की लॉगशीटवर कुणाची सही दिसली की साहेब डोळे मिटून पुढचं पान उलटायचे? सगळे एकच नाव सांगतील. शशिकलाबाई. दहावी पास, तीही जळगावच्या शाळेतून. नवरा हार्टने गेला तेव्हा वय अठ्ठावीस, पदरात लहानगी सुचेता, आणि नवऱ्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागली ती थेट स्विचबोर्डावर. तिचा थोरला भाऊ दत्तू त्या वेळी पर्सोनेलच्या बाबूसमोर जाऊन उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "माझी बहीण झाडू मारायला नाही येणार. तिला आकडे कळतात. मीटरसमोर बसवा." बाबू म्हणाला, "दत्तूजी, वहाँ तो आदमी लोग भी घबराते हैं." दत्तू म्हणाला, "मग आदमी लोगांना घाबरू द्या."

आणि बसवली. उगाच नाही बसवली.

सबस्टेशनातलं काम म्हणजे दर तासाला उठायचं, पॅनेलसमोर जायचं, व्होल्ट बघायचे, अँपिअर बघायचे, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं टेंपरेचर बघायचं आणि शीटवर लिहायचं. तासाला एक ओळ, शिफ्टला आठ ओळी. ऐकायला काय, पोरखेळ. पण थंडीत, पावसात, पोरीला ताप असताना, दर तासाला उठून आकडा बघून येणं हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. बाकीचे काय करायचे? पहिली ओळ खरी लिहायची आणि खाली दोन-दोन टिंबं. डिट्टो, डिट्टो, डिट्टो. जरा हुशार असला तर एखादा आकडा मध्येच एकाने वाढवायचा.

शशिकलेला हे लगेच ओळखू यायचं. एकदा आधीच्या शिफ्टचा चार्ज घेताना तिने शीट बघितली आणि सही करायला नकार दिला. समोरचा ऑपरेटर तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी सीनियर. तो चिडला. "मॅडम, क्या प्रॉब्लम है? सब नॉर्मल तो है."

"नॉर्मल है, इसी लिए तो," ती म्हणाली. "आठ घंटे में दोपहर भी आई, शाम भी आई. कारखाना छूटा, घर-घर में बत्ती जली. और आपका अँपिअर हिला ही नहीं?"

जाऊन बघितलं तर तेल भलतंच तापलेलं. पंख्याचा फ्यूज उडाला होता, कधी उडाला ते कुणालाच माहीत नाही. त्या दिवसापासून तिचं एक वाक्य सबस्टेशनात सगळ्यांना पाठ झालं होतं. खरं रीडिंग जरा हलतं. बिलकुल हलत नाही तो आकडा कुणी तरी खुर्चीत बसून लिहिलेला असतो.

अशी ती बाई. रिटायर झाली, सुचेताला टाउनशिपच्या शाळेत नोकरी लागली, क्वार्टर सुचेताच्या नावावर झालं आणि शशिकला तिथेच राहिली. दत्तूने मात्र रिटायरमेंटच्या पैशातून टाउनशिपच्या भिंतीबाहेर घर बांधलं होतं. कॉलनीत पहिलं दुमजली घर त्याचं, हे त्याला कुणी न विचारताही तो सांगायचा. भिंतीला एका जागी भगदाड आहे, सगळी टाउनशिप त्यातूनच ये-जा करते. क्वार्टरातून निघालं की भगदाडातून दहा मिनिटांत दत्तूच्या दारात.

आता दत्तूचं. सत्तरी आली, आणि फुप्फुसं गेली. पन्नास वर्षं बिडी ओढली, दुसरं काय. डॉक्टरांनी सांगितलं की दिवसातून पंधरा-सोळा तास ऑक्सिजन लागेल. म्हणून घरात कॉन्सन्ट्रेटर आला. विजेवर चालणारं ते खोक्याएवढं मशीन हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीने नाकात सोडतं. घुर्र-फुस, घुर्र-फुस करत बसतं. वीज असली तर ठीक. वीज गेली तर?

त्यासाठी त्याच्या पोराने, उदयने, घरात सोलरचा इन्व्हर्टर बसवला. वर गच्चीवर पॅनेल, खाली जिन्याखाली इन्व्हर्टर आणि दोन मोठ्या बॅटऱ्या. उदय मंडीदीपला एका कारखान्यात कंट्रोल पॅनेलचं काम करतो. डोकं चालतं पोराचं. त्याने बघितलं की इन्व्हर्टरच्या पोटाला एक सीरियल पोर्ट आहे. सॉकेट दिसायला इंटरनेटच्या वायरसारखंच, पण काम वेगळं. त्यातून इन्व्हर्टरला प्रश्न विचारता येतो आणि तो आकड्यांत उत्तर देतो.

उदयने एक छोटी पेटी केली. आत पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर. पहिला बोर्ड जळाला, कारण पोर्टातून येणारे व्होल्ट त्या कॉम्प्युटरच्या पिनेला सोसवणारे नव्हते. मध्ये एक कन्व्हर्टर घातला तेव्हा दोघांचं जमलं. मग ती पेटी दर पाच मिनिटांनी इन्व्हर्टरला ठरलेली पाच अक्षरं पाठवायची, आणि इन्व्हर्टर एका ओळीत सगळं सांगून मोकळा. लाइनचे व्होल्ट, घरात किती वॅट चाललेत, बॅटरीचे व्होल्ट, बॅटरी किती टक्के, पॅनेलमधून किती येतंय. ओळीच्या शेवटी पडताळणीची दोन अक्षरं. ती जुळली तर उत्तर धड आलं, नाही जुळली तर वाटेत काहीतरी बिघडलं. हे सगळं वेळेसकट एका वेबपेजवर चढायचं, आणि बॅटरी पन्नास टक्क्यांच्या खाली गेली की उदयला, आईला आणि आत्याला मेसेज. पेटी आणि राउटर दोन्ही उदयने इन्व्हर्टरच्याच लाइनवर ठेवले होते. नाहीतर वीज गेली की सांगणाराच आधी मुका व्हायचा.

दत्तूचा आनंद काय सांगावा! आल्यागेल्याला जिन्याखाली नेऊन दाखवायचा. "हे बघा. पोराने घरी बनवलंय. इन्व्हर्टर बोलतो. मोबाइलवर बोलतो. मी अमेरिकेत असलो तरी कळेल."

"पण तू कशाला जातोस अमेरिकेला, दादा?" शशिकला म्हणायची. "नळी बारा फुटांची आहे."

"तू गप गं, शशे. म्हणायची गोष्ट असते."

सुरुवातीला एक कटकट होती. कधीकधी उत्तर बिघडून यायचं, पडताळणी जुळायची नाही, आणि पेजवर तेवढ्या जागी शून्य दिसायचं. एकदा पाहुण्यांना दाखवत असतानाच बॅटरी शून्य टक्के दिसली. पाहुणे हसले. दत्तूला ते इतकं झोंबलं की उदय घरात पाऊल टाकतो तोच त्याने धरलं. "ते शून्य बंद कर. लोक म्हणतात दत्तूच्या पोराचं मशीन बोगस आहे."

"बाबा, एखादं रीडिंग मिस होतं, नॉर्मल आहे ते."

"नॉर्मल-बिर्मल नाही. चांगलं दिसलं पाहिजे."

उदय दमून आला होता. त्याने प्रोग्रामात एक ओळ टाकली. उत्तर नीट आलं नाही तर आधीचाच आकडा पुन्हा दाखव. झालं. शून्य गायब. पेज कसं गुळगुळीत.

शशिकलेची एक सवय मात्र उदयला हसू आणायची. मोबाइलवर सगळं दिसत असताना ती वहीत तासातासाचे आकडे लिहून काढायची. लाइनच्या कामाचा शटडाउन असला, की हमखास.

"आत्या, ये तो हद है," तो म्हणायचा. "मशीन लिहितंय, आणि मशीनचं तू लिहितेस. कॉपी की कॉपी."

"लिहिताना बघितलं जातं," ती म्हणायची. "नुसतं बघताना बघितलं जात नाही."

"वाह. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे?"

"तीस वर्षांच्या."

जानेवारीतली गोष्ट. मावठाचे, म्हणजे हिवाळी पावसाचे, ढग चार दिवस डोक्यावर, ऊन नाही, पॅनेल नुसते गच्चीवर पाय पसरून बसलेले. वहिनी, म्हणजे दत्तूची बायको अनुराधा, बहिणीच्या नातवाच्या बारशाला इंदूरला गेली होती. वीज कंपनीचा मेसेज आला होता, लाइनच्या कामासाठी साडेनऊ ते एक पुरवठा बंद. उदय ड्यूटीवर निघताना सांगून गेला, "आत्या, बॅटरी फुल आहे. जुन्या झाल्यात, तरी साडेतीन-चार तास निघतील. खाली गेलीच तर मेसेज येईल, दोन तास हातात असतील. आणि ऑक्सिजनचा सिलिंडर मागच्या खोलीत आहेच." मंडीदीपच्या त्या कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, जेवणाच्या सुट्टीतच हातात येतो, म्हणून मेसेजची जबाबदारी आत्याची.

दहा वाजता शशिकलेने वही उघडली. लिहिलं. पंचवीस पॉइंट एक व्होल्ट, एक्याण्णव टक्के, लोड तीनशे ऐंशी वॅट, सोलर पस्तीस. ठीक. अकरा वाजता लिहिलं. चोवीस पॉइंट आठ, शहाऐंशी टक्के, तीनशे चौऱ्याहत्तर, सोलर बेचाळीस. ठीक. मग तिने वरण लावलं. साडेबाराला दादाकडे डबा घेऊन जायचं होतं.

बारा वाजता ओल्या हाताने मोबाइल उचलला, वही ओढली आणि लिहायला लागली. चोवीस पॉइंट आठ. शहाऐंशी टक्के. तीनशे चौऱ्याहत्तर. सोलर बेचाळीस.

पेन तिथेच थांबलं.

दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. बॅटरी तासभरात उतरलीच नाही, वा! उदयने बघितलं असतं तर तोही म्हणाला असता, बढिया चल रहा है. पण शशिकलेने बोटाने पेज वर सरकवलं. अकरा-पाच. अकरा-दहा. अकरा-पंधरा. वेळ पुढे जात होती, आकडे जागचे हलत नव्हते. दहा पंचावन्नपासून थेट बारापर्यंत, व्होल्ट तेच, वॅट तेच, एवढंच काय, घरातले व्होल्टसुद्धा दोनशे तीस पॉइंट एक, दोनशे तीस पॉइंट एक, दोनशे तीस पॉइंट एक. ढगातून ऊन जरा वर-खाली झालं नाही? तासाभरात दादाने एकदा टीव्ही लावला नाही? बाथरूमची बत्ती लावली नाही? आणि पावणेचारशे वॅट सोसणारी जुनी बॅटरी तासाभरात एक टक्का उतरली नाही?

"डिट्टो," ती स्वतःशीच म्हणाली. "कुणी गेलंच नाही पॅनेलसमोर."

दादाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. उदयला लावला, कुणी उचलेना. सुचेता वर्गात. शशिकलेने गॅस बंद केला, शाल ओढली आणि निघाली. डबा ओट्यावरच राहिला.

त्रेसष्टाची बाई, गुडघे दुखणारे, पण त्या दिवशी भगदाडातून अशी गेली की समोरून येणारी शालिनी, तिची जुनी शेजारीण, हाक मारतच राहिली. "अगं शशिकला, कुणाला काय झालं?"

"रीडिंग घ्यायला चाललेय," ती न थांबता म्हणाली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाय टाकताच तिला ऐकू आलं. कॉन्सन्ट्रेटरची घुर्र-फुस, आणि जिन्याखालून इन्व्हर्टरची टीं, टीं, टीं. तिने वाकून इन्व्हर्टरच्या पडद्याकडे बघितलं. बॅटरी एकवीस पॉइंट नऊ. जुन्या बॅटऱ्या आधी हळू उतरतात आणि मग एकदम कोसळतात, उदयचा अंदाज चुकला होता. हातातल्या मोबाइलवर अजून शहाऐंशी टक्के. एकवीसला इन्व्हर्टर हात टेकतो, हे तिला ठाऊक होतं. काही मिनिटांचाच खेळ.

दत्तू पलंगावर, रजई गळ्यापर्यंत, गाढ झोपलेला. मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. कानाशी मशीनचा आवाज, त्यात इन्व्हर्टरची ती बारकी शिट्टी कुठली ऐकू येतेय.

"दादा! दादा, उठ."

त्याने डोळे उघडले, पण नीट नाही. "काय गं... जेवायला?"

"जेवायला नंतर. हलू नकोस. बसता येतंय का? उशीला टेक."

मागच्या खोलीतून सिलिंडर ट्रॉलीवर ओढत आणला. वहिनीने त्याच्यावर जुनी चादर पांघरली होती, ती चाकात अडकली. शशिकलेने चादर ओरबाडून काढली. रेग्युलेटर उदयने आधीच बसवून ठेवला होता, फक्त वरचा व्हॉल्व्ह चावीने उघडायचा. चावी लावली, फिरेना. शाल गुंडाळून धरली, पुन्हा जोर लावला. आणि नेमकं तेव्हाच जिन्याखाली कट्ट झालं. बत्ती गेली, घुर्र-फुस थांबलं, आणि कॉन्सन्ट्रेटर एकसुरी आवाजात ओरडायला लागला.

दत्तूचा हात रजईवर इकडेतिकडे फिरायला लागला. माणूस पोकळीत हात मारतो तसा. "शशे... हवा..."

"आहे, आहे. तोंडाने श्वास सोड. ओठांचा चंबू करून, फुंकर मारल्यासारखा. मी सांगते तसं. सोड. हां. परत."

हे त्याला सांगत ती चावीवर सगळा जीव टाकून लटकली. चावी फिरली. काटा वर चढला. फ्लो दोन लिटरवर आणला, कॉन्सन्ट्रेटरची नळी उपटून सिलिंडरला लावली, टोकाशी गाल नेऊन वारा येतोय ना बघितलं, आणि मग पलंगाशी बसली. त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं. ऐंशी. ब्याऐंशी. ती आकडा बघत बसली. ब्याऐंशी. पंच्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. नव्वद.

नव्वद दिसल्यावर तिने पाठ पलंगाला टेकली.

काही वेळाने दत्तूला बोलता यायला लागलं. पहिलं वाक्य काय? "मेसेज आला नाही का गं तुला?"

"नाही."

"मग तू आलीस कशी?"

"तुझ्या मशीनने तासभर एकच आकडा लिहिला. मला ते आवडलं नाही."

दत्तूने छताकडे बघितलं. मग म्हणाला, "सकाळी यशवंत आला होता. अशोका गार्डनला राहतो तो. त्याला दुकानासाठी असंच पाहिजे. मी म्हटलं, ही बघ वायर, साधी दिसते. काढून दाखवली."

"आणि?"

"परत लावली! लावली मी परत!"

शशिकला जिन्याखाली गेली. वायर सॉकेटात होती, पण अर्धीच. क्लिप मोडलेली. बोटाने ढकलली तेव्हा खट् झालं. तिने आवाज दिला, "दादा, लावली होतीस. पूर्ण नव्हतीस लावली." एवढंच. दुसरी बहीण असती तर दारात उभी राहून कॉलनीला ऐकवलं असतं.

वीज दीडला आली. कॉन्सन्ट्रेटर पुन्हा सुरू झाला. जेवणाच्या सुट्टीत उदयने फोन हातात घेतला, तेव्हा त्यावर आत्याचे सहा मिस्ड कॉल. हाफ डे टाकून तीन वाजता घरी आला तो थेट जिन्याखाली गेला. वायर बघितली, लॉग उघडला, आणि स्वतःच्या प्रोग्रामातली ती ओळ त्याला दिसली.

"वायर बाबांनी काढली," तो हळू म्हणाला, "पण खोटं मी लिहिलं. उत्तर आलं नाही तर जुनंच दाखव, असं मीच लिहिलंय. त्याने वेळ नवी लावली आणि आकडा जुना. पन्नासच्या खाली जाणार कसा? तो शहाऐंशीलाच बसला होता."

"ते मी सांगितलं होतं तुला," पलंगावरून दत्तू म्हणाला. हे वाक्य दत्तूच्या तोंडून यायला पोराचं सगळं आयुष्य गेलं होतं. "शून्य काढ म्हणून."

"शून्यही चुकीचंच होतं, दादा," शशिकला म्हणाली. "बॅटरी शून्य नव्हती. उत्तर आलं नाही, एवढंच खरं होतं. आमच्या शीटवर मीटर बंद असला की त्या रकान्यात आम्ही आडवी रेघ मारायचो आणि बाजूला कारण. रेघ बघून साहेब फोन करायचा. डिट्टोवर कुणी फोन करत नाही."

उदयने लॅपटॉप उघडला. "म्हणजे उत्तर नाही तर रिकामं. बरोबर?"

"रिकामं. आणि लागोपाठ तीनदा रिकामं, की मेसेज. बॅटरी कमी म्हणून नाही. कळत नाही म्हणून मेसेज."

"सही है. आणखी?"

"सगळे आकडे तासभर हुबेहूब सारखे आले तरी मेसेज."

"ते पण करतो."

"आणि तुझी पेटीच मेली तर? आज बत्ती गेल्यावर पेटी पण गेली, राउटर पण गेला. मग कोण सांगणार?"

उदयने तिच्याकडे बघितलं. सबस्टेशनातल्या ज्युनिअर इंजिनियर लोकांनी बघितलं असेल तसं. "ते घरातून नाही होणार. बाहेरचा सर्व्हर आहे ना, जिथे पेज आहे, त्याला सांगतो. घरून दहा मिनिटं काहीच आलं नाही तर तो मेसेज करेल."

"मग चार्ज बरोबर झाला," शशिकला म्हणाली. "एक शिफ्टवाला झोपला, तर दुसरा आहे."

अंधार पडायच्या आत पोराने सगळं बदललं, वायरीचं टोक नवं लावलं. मग टेस्ट. उदयने वायर उपटली. पाच मिनिटं, दहा, पंधरा. पेजवर तीन आडव्या रेघा, आणि चार मोबाइल एकदम वाजले. उदयचा, आत्याचा, इंदूरला आईचा, आणि चौथा दत्तूचा, कारण या वेळी त्याने हट्टाने स्वतःचाही नंबर घालायला लावला. त्याने चष्मा लावून एकेक अक्षर जुळवत वाचलं. "इन्व्हर्टरचं उत्तर नाही. जाऊन बघा."

इंदूरहून लगेच फोन. "अहो, काय झालं? उत्तर नाही म्हणजे?"

"काही नाही, टेस्ट आहे," दत्तू म्हणाला. मग म्हणाला, "तू ये. बारसं झालं ना? ये तू."

पुढच्या आठवड्यात पुन्हा शटडाउन होता. आकाश स्वच्छ, पॅनेल चांगले कामात, बॅटऱ्या नव्या, वहिनी घरी. काळजीचं कारण नव्हतं. शशिकलेने सवयीने वही उघडली, अकरा वाजले, आणि मोबाइल हातात घेणार तोच दादाचा फोन.

"लिही," तो म्हणाला. आवाजाच्या मागे घुर्र-फुस चाललेलं. "पंचवीस पॉइंट सहा."

"तू कुठे आहेस?"

"जिन्याखाली. खुर्ची टाकलीये. नळी पोहोचते इथपर्यंत. तुझ्या मोबाइलवर काय येतंय?"

तिने पेज उघडलं. "पंचवीस पॉइंट सहा."

"मग खरं बोलतोय." दत्तूला दम लागला होता, तो मध्येच थांबला. "अनुराधा म्हणते, कशाला बसताय थंडीत. मी म्हटलं, बहिणीने तीस वर्षं उभ्याने घेतलं, मी बसून घेतो. दहावी पास नसलो म्हणून काय झालं, आकडा दिसतो मला."

"दिसतो की. लोड सांग."

"किती असेल... तीनशे सत्तर धर."

"धर नाही, दादा."

पलीकडे खुर्ची कुरकुरली.

"थांब," दत्तू म्हणाला. "बटण दाबून बघतो."